मेल जपायचा तर मुळासकट



मी घरून डिझाइनची कामं करते. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी सहा माहितीपत्रकं केली. दर प्रत्येकी आठ हजार, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस हजार रुपये. काम पोचलं आणि ग्राहक म्हणाला, "आठ हजार तर सगळ्या कामाचे ठरले होते." मी निर्धास्त होते, कारण सगळं मेलवर ठरलं होतं आणि ती मेल मी पीडीएफ करून ठेवली होती.

वकीलसाहेबांसमोर ती पीडीएफ उघडली. तिच्यात माझी मेल होती, "सोबत दरपत्रक जोडलं आहे" हे वाक्य होतं आणि खाली जोडलेल्या फाइलचं नुसतं नाव होतं. दर त्या फाइलच्या आत होता. ग्राहकाच्या "मंजूर आहे" या उत्तराखाली तर छापलं होतं: [Quoted text hidden]. म्हणजे काय मंजूर, तेच कागदावर नव्हतं. मूळ मेल माझ्या खात्यात शाबूत होती म्हणून निभावलं. जागा कमी पडते म्हणून मी ती पुसली असती, तर हातात काहीच उरलं नसतं.

तेव्हा वकीलसाहेबांनी मला समजावलं की पीडीएफ हे मेलचं छायाचित्र आहे. वाचायला, सीएला पाठवायला, फाइलला लावायला ती उत्तम. पण मेल कोणत्या सर्व्हरवरून निघाली, कधी पोचली, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची सही जुळली का, हे सगळं मेलच्या शीर्षभागात असतं आणि छापताना ते गळून पडतं. शिवाय पीडीएफमधला आकडा बदलणं अवघड नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

म्हणून महत्त्वाच्या मेलची मूळ फाइल उतरवून घ्या. संगणकावर जीमेलमध्ये ती मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि Download message निवडा. .eml नावाची फाइल मिळते. तिच्यात शीर्षभाग, मजकूर आणि जोडपत्रं सगळं एकत्र असतं. थंडरबर्ड या मोफत प्रोग्राममध्ये ती उघडते. त्याच तीन टिंबांत Show original आहे. तिथे DKIM पुढे PASS दिसलं, तर सही केलेला भाग वाटेत बदललेला नाही, असं समजायचं. मेल स्वतःलाच फॉरवर्ड करून हे साधत नाही. ती नवी मेल होते आणि मूळ शीर्षभाग जातो.

वर्षभराच्या मेल एकेक उतरवणं शक्य नाही. त्यासाठी मी जीमेलमध्ये "हिशेब 2024-25" असं लेबल केलं आहे. बिलं, पैसे मिळाल्याच्या मेल, टीडीएसची प्रमाणपत्रं, सगळ्यांना तेच लेबल लावते. वर्ष संपलं की takeout.google.com वर जाऊन आधी Deselect all करते, मग फक्त Mail निवडते आणि त्यातही एवढंच लेबल. थोड्या वेळाने मेलवर दुवा येतो. तो साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून लगेच उतरवून घ्यायचं. आत .mbox फाइल असते. त्या लेबलच्या सगळ्या मेल जोडपत्रांसह तिच्यात येतात. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसरीकडे. आणि मूळ मेल खात्यातून पुसायची नाही.

आता वादाची गोष्ट. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य मागितलेलं आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. विंडोजवर तो असा मिळतो:

```
certutil -hashfile dar.eml SHA256
```

मी फाइल उतरवली त्याच दिवशी हा अंगठा आणि तारीख वहीत लिहून ठेवते. त्यातून एवढंच कळतं की फाइल त्या दिवसानंतर बदललेली नाही. त्याआधीचं काही सिद्ध होत नाही, म्हणून उशीर करायचा नाही.

नोकरी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ऑफिसचं खातं राजीनाम्यानंतर बंद होतं. आपलं नेमणूकपत्र, पगारपत्रकं, रजेच्या मंजुरी नोकरीत असतानाच घ्या. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घेऊ नका, नाहीतर उलटी तक्रार तुमच्यावर येईल.

माझं पुढे काय झालं? वकीलसाहेबांनी नोटिशीसोबत दरपत्रक आणि "मंजूर आहे" ही मेल लावली, मूळ फाइल आमच्याकडे असल्याचंही कळवलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. उरलेले चाळीस हजार दोन हप्त्यांत आले. ते जमा झाल्याच्या मेलनाही मी त्याच संध्याकाळी लेबल लावलं.