हातउसन्याची चिठ्ठी : रक्कम लिहा, परतीची तारीख लिहा
(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे केलेले भाषण)



हळदीचे बेणे घ्यायचे असते आणि हातात पैसा नसतो, तेव्हा आपण प्रथम चुलत्याकडे, मामाकडे किंवा मेहुण्याकडे जातो. तो व्याज न घेता पैसे देतो. "घरातल्या घरात कागद कशाला?" म्हणून कोणीच काही लिहीत नाही. पुढे देणारा किंवा घेणारा दगावला, की मागे राहिलेल्या बायका-मुलांना रक्कम किती, फेड किती झाली, यातले काहीच ठाऊक नसते. भांडण तिथून सुरू होते. ते टाळण्यासाठी चार ओळींची चिठ्ठी पुरते.

समजा, साखऱ्याच्या एका पुतण्याने लागवडीसाठी काकांकडून 60,000 रुपये घेतले. चिठ्ठी अशी लिहावी :

"मु. साखरा, दि. 5 जून 2025. ती. काकांस (येथे पूर्ण नाव), आज आपल्या बँक खात्यातून माझ्या खात्यात रु. 60,000 (अक्षरी रुपये साठ हजार फक्त) बिनव्याजी हातउसने जमा झाले. पैकी रु. 20,000 दि. 15 नोव्हेंबर 2025 रोजी व रु. 40,000 दि. 31 मे 2026 रोजी परत करीन. या रकमेवर व्याज नाही. (घेणाऱ्याचे पूर्ण नाव व सही)"

यातील तारखा पिकाकडे पाहून धरल्या आहेत. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो. हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. शिजवणे, वाळवणे, पॉलिश होऊन ती बाजारात जाईपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. मात्र चिठ्ठीत "हळद विकल्यावर देईन" असे लिहू नये. भाव पडला की पुतण्या हळद घरात ठेवतो आणि काकांना पैसे मागायला दिवसच उरत नाही. दिनांक, महिना, वर्ष स्पष्ट लिहावे.

तारखेचे दुसरे महत्त्व मुदतीच्या कायद्यात आहे. उसन्या पैशाचा दावा करण्यास तीन वर्षांची मुदत असते. परतीची तारीख ठरलेली नसेल तर ती पैसे दिल्या दिवसापासून मोजतात; आपल्या उदाहरणात ती 5 जून 2028 ला संपेल. तारीख ठरलेली असेल तर प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या तारखेपासून धरतात. म्हणजे दुसऱ्या हप्त्यासाठी काकांना 31 मे 2029 पर्यंत वेळ मिळतो.

आता समजा, सोयाबीन पावसात भिजले आणि पुतण्याला नोव्हेंबरात 10,000 रुपयेच देता आले. तेव्हा चिठ्ठीच्या मागे लिहावे : "दि. 15 नोव्हेंबर 2025 रोजी रु. 10,000 परत दिले. बाकी रु. 50,000." खाली पुतण्याने सही करावी आणि पैसे पोचल्याची सही काकांनी करावी. पुतण्याची सही महत्त्वाची. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल केली, की त्या बाकीची तीन वर्षे नव्याने सुरू होतात. तोंडी "देतो" म्हटल्याने मुदत वाढत नाही. चिठ्ठी काकांकडे राहते, म्हणून पुतण्याने तिची दोन्ही बाजूंची प्रत जवळ ठेवावी. पूर्ण फेड झाल्यावर "फिटले" असे लिहून, काकांची सही घेऊन मूळ चिठ्ठी परत घ्यावी.

पैसे बँकेतूनच द्यावेत व घ्यावेत. 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असून कोणाचेही करपात्र नसेल तर घेताना सूट आहे. काका करपात्र पगारदार असतील तर ती मिळत नाही. शिवाय चिठ्ठी हरवली तरी खातेपुस्तकातील नोंद राहते.

मुद्रांकाकडे दुर्लक्ष करू नये. पैसे देण्याचे वचन असलेला कागद मजकुराप्रमाणे वचनचिठ्ठी किंवा साक्षीदारांच्या सह्या असल्यास बंधपत्र ठरू शकतो. बंधपत्रावर मुद्रांक कमी असेल तर दंड भरून ते पुराव्यात घेता येते. बिनमुद्रांकाची वचनचिठ्ठी दंड भरूनही घेतली जात नाही. म्हणून सही करण्यापूर्वीच मजकूर तालुक्याच्या वकिलाला दाखवून योग्य मुद्रांक घ्यावा.

शेवटची गोष्ट. तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत करून देऊ नये, मग समोर सख्खा मामा का असेना. कागदावर ती विक्रीच दिसते, आणि उसने फिटले तरी सातबारा आपोआप परत फिरत नाही.