मालमोजणीची रात्र

दुकानातला माल आणि कॉम्प्युटरमधला माल यांचा मेळ घालण्यासाठी वर्षातून निदान एकदा सगळे दुकान मोजावे लागते. बहुतेक दुकानांत हे काम ३१ मार्चच्या रात्री होते. आराखडा करताना सहसा आधी रात्र भरली जाते आणि उरलेल्या माणसांवर दुसरा दिवस ढकलला जातो. खरा क्रम याच्या उलटा हवा. १ एप्रिलला दुकान चालवायला किती ताजेतवाने लोक लागतील, हे आधी ठरले पाहिजे. रात्रीच्या वाट्याला त्यानंतर उरतील ते लोक येतात.

उदाहरणादाखल मध्यम आकाराचे एक सुपरमार्केट घेता येईल. कर्मचारी ३०, वेळ सकाळी ९ ते रात्री साडेनऊ, दोन पाळ्या. मांडणीवर पाकीटबंद किराण्याचे २४,००० नग, साबण-सौंदर्यप्रसाधनांचे ९,००० नग आणि गोदामात बंद खोक्यांतले २०,००० नग. मोजणीचा वेग अंदाजाने धरू नये. आधीच्या आठवड्यात प्रत्येक विभागातला एकेक रॅक घड्याळ लावून मोजून पाहावा. समजा, दोघांच्या जोडीने तासाला किराण्याचे ८०० नग मोजले. लिपस्टिक आणि क्रीमच्या लहान डब्या ४५० झाल्या, आणि गोदामातली खोकी लेबल वाचून मोजायची असल्याने तिथे २,००० नग झाले. या वेगाने किराण्याला एका जोडीचे ३० तास लागतात, प्रसाधनांना २० आणि गोदामाला १०. एकूण ६० तास.

आता माणसे. दुसऱ्या दिवसासाठी १२ जण राखून ठेवले की रात्रीसाठी १८ उरतात. त्यांतले दोघे कॉम्प्युटरवर आणि दोघे फेरमोजणीला बसवले की १४ जण, म्हणजे ७ जोड्या मोजणीला मिळतात. ६० तासांचे काम ७ जोड्यांनी केले तर साडेआठ तासांहून थोडे अधिक लागतील, आणि ते एका रात्रीत बसत नाही. अशा वेळी माणसे वाढवण्याचा मोह होतो. पण वाढवलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या दिवसातूनच काढलेला असतो. त्यापेक्षा काम पुढे ओढलेले बरे. प्रसाधने रोज दुकान उघडण्याआधी दोन तास, दोन जोड्यांनी, पाच सकाळी मोजता येतात. एका सकाळी एक कंपनी घ्यायची, तिची गोदामातली खोकी त्याच वेळी मोजायची आणि शटर वर जाण्याआधी फरक नोंदवून टाकायचा. बाकीचे गोदाम ३० मार्चला मोजून सीलबंद करायचे. त्यानंतर तिथून खोके काढावेच लागले तर सीलजवळच्या चिठ्ठीवर वस्तू आणि नग लिहायचे. रात्रीसाठी उरतात फक्त किराण्याचे ३० तास. ७ जोड्यांना ते साडेचार तासांपेक्षा थोडे कमीच होतात.

पाळ्या मग अशा बसतात. राखीव १२ जण ३१ मार्चला सकाळी ९ ते संध्याकाळी ६ दुकान चालवतात. रात्रीचे १८ जण ६ वाजता येतात, पहिले दोन तास विक्री सांभाळतात आणि ८ वाजता शटर खाली घेतात. तासभर गल्ल्याचा हिशेब आणि रॅकची आवराआवर, ९ ते २ मोजणी, तीत अर्ध्या तासाचे जेवण, आणि ३ वाजेपर्यंत फरकांची तपासणी. हे नऊ तास झाले. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाची मूळ मर्यादा तेवढीच होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती वाढवायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण आराखडा नऊ तासांत बसला तर वाढीव सवलतीची गरजच पडत नाही. मर्यादेपुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला लागतो. याच कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचे असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. रात्री तीन वाजता घरी पोहोचवणारी गाडी ठरली नसेल, तर ती व्यवस्था झाली असे म्हणता येणार नाही.

मोजणीचे विभाग जागेवरून पाडावेत, वस्तूवरून नव्हे. एकच बिस्किट रॅकवर, रांगेच्या टोकाच्या स्टँडवर आणि गल्ल्याजवळ अशा तीन ठिकाणी असते. ‘बिस्किटे मोजा’ असे सांगितले की गल्ल्याजवळचा डबा हमखास राहतो. म्हणून प्रत्येक रॅकला, स्टँडला आणि टोपलीला क्रमांकाची चिठ्ठी लावतात, आणि तेवढ्याच क्रमांकांचे मोजणीचे कागद सही घेऊन देतात व परत घेतात. जो कागद परत आला नाही, ती जागा मोजायची राहिली. जोडीतला एक जण मोजून आकडा उच्चारतो, दुसरा नोंदवतो. कॉम्प्युटरमधला आकडा त्यांना दाखवू नये; तो दिसला की मोजणी हळूच त्याच्याकडे झुकते. कुणालाही स्वतःचा रोजचा विभाग देऊ नये. परतीचा, फुटका आणि मुदत संपलेला माल आधीच वेगळ्या जागी ठेवून त्याचा स्वतंत्र कागद करावा.

शटर खाली आल्यावर कॉम्प्युटरमधली शिल्लक गोठवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, अडकवून ठेवलेले बिल कुठे उरले आहे का. दुसरी, त्या दिवशी आलेल्या गाडीतला माल आवक म्हणून चढवला आहे का. माल दुकानात आला पण नोंद झाली नाही, तर तो खोटा वाढावा दाखवतो. ३१ मार्चला दुपारनंतर गाडी न घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. पुरवठादारांना ते आठवडाभर आधी कळवावे लागते, इतकेच.

मोजणीनंतर फरकांची यादी निघते. ती नगांवरून न लावता रुपयांवरून, मोठ्या रकमेपासून खाली लावावी. यादीतल्या बऱ्याच चुका आपले रूप सांगतात. एका रॅकवरच्या सगळ्याच वस्तू शून्य दिसल्या तर कागद चढवायचा राहिला आहे. आकडा बरोबर दुप्पट असेल तर तोच रॅक दोनदा मोजला गेला. फरक २३च्या पटीत असेल तर कुणीतरी २४ नगांचे खोके एक नग धरले आहे, किंवा उलट. एका साबणाच्या गुलाब प्रकारात १८ची तूट आणि चंदनात १८चा वाढावा दिसला, तर माल कुठे गेलेला नाही. काउंटरवर एकच बारकोड वारंवार स्कॅन झाला आहे. ही रूपे बाजूला काढल्यावर जी तूट उरते, तिची फेरमोजणी मूळ जोडीने करू नये. त्यातूनही उरली तरच ती चोरी, नासधूस किंवा बिलाची चूक म्हणून पाहावी.

फरकांची नोंद विक्री सुरू होण्याआधी व्हायला हवी. पहिल्या बिलानंतर गोठवलेली शिल्लक आणि रॅकवरचा माल वेगळे होऊ लागतात. म्हणून १ एप्रिलला दुकान ९ ऐवजी ११ वाजता उघडावे; काही उरलेच तर ते दोन तास हाताशी राहतात. राखीव १२ जण ११ ते ८ काम करतात. रात्रीच्या १८ जणांपैकी ६ जण १२ तासांच्या विश्रांतीनंतर दुपारी ३ वाजता येतात आणि साडेनऊला दुकान बंद करतात. उरलेल्या १२ जणांची साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी धरली की कुणाचीही रजा बुडत नाही. उघडण्याची बदललेली वेळ दोन दिवस आधी दारावर लावावी.

मंजूर झालेली तूट हिशेबातून कमी करताना एक काम लेखापालाकडे जाते. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. त्यासाठी फरकांची सही केलेली यादी मोजणीच्या कागदांसह जपून ठेवावी लागते.