ढाब्याचं जेवण आणि अण्णांची जळजळ



पिंपळगाव बसवंतला कांदा भरायचा, राहूड घाट उतरून मालेगाव, धुळे, शिरपूर करत इंदूर गाठायचं, ही ट्रकचालक अण्णांची नेहमीची फेरी. रात्री अकराला धुळ्याच्या अलीकडे ढाबा. तर्रीत बुडालेली शेवभाजी, चार भाकरी, वर तंबाखूचा बार, आणि लगेच केबिनमधल्या फळीवर आडवं. तासाभरात घशाशी आंबट पाणी. मग सोडा प्यायचा. ढेकर आला की बरं वाटायचं, पण जळजळ पुन्हा हजर!

नाशिकच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो तिखटाचा नव्हता. "जेवल्यावर किती वेळानं झोपता?" अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची झडप असते. पोट गच्च भरलं की तिच्यावर दाब येतो, तंबाखूनं ती सैल पडते. तेलकट अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळतं. त्यात माणूस आडवा झाला, की आम्ल सहज वर चढतं.

गोळीचीही गंमतच होती. पँटोप्राझोल अण्णा जळजळ सुरू झाल्यावर घ्यायचे. ती घ्यायची असते जेवणाआधी अर्धा तास, उपाशीपोटी. अण्णांच्या जेवणाला वेळच नाही, म्हणून डॉक्टरांनी ती सकाळच्या खाण्याशी बांधून दिली: उठल्यावर गोळी, अर्ध्या तासानं नाश्ता. आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं.

ढाबा सुटणं शक्य नव्हतं, म्हणून क्रम बदलला. गाडी भरत असतानाच, सातच्या सुमारास, घरच्या डब्यातलं पोटभर जेवण. रात्री ढाब्यावर वरण आणि एकच भाकरी, तर्री नको. झोप त्यानंतर तीन तासांनी, तोवर गाडी चालवायची किंवा बसून राहायचं. डोळे मिटायला लागले तर मात्र गाडी बाजूला घेऊन सीट मागे कलंडवायची आणि बसल्या बसल्याच डुलकी काढायची.

झोपण्याची युक्ती क्लीनरनं जमवली. नुसत्या दोन उशा घेतल्या की मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. त्यानं ताडपत्रीची घडी गादीखाली, खांद्यांपासून वर अशी घातली, वीतभर उंच. "अण्णा, डाव्या कुशीवर व्हा," हे तो रोज बजावतो. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही. मंडईत माल उतरायला उशीर झाला आणि मध्यरात्री भरपेट खाल्लं, की त्रास होतोच.

गिळताना घास अडकत असेल, वजन घटत असेल, शौचाला काळी होत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर ते पित्त समजू नका. गाडी थांबवा आणि १०८ ला फोन करा.