आधी ताट, मग गाडी
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

बुऱ्हाणपुरात खाण्याची गाडी काढायचं आम्ही दोघांनी ठरवलं, तेव्हा पहिली चूक अशी केली की आधी गाडी बघायला गेलो. बॉडी बनवणाऱ्या कारागिराने मोठा फ्रीज आणि जनरेटर धरून आराखडा दिला. घरची सगळी पुंजी त्यात जाणार होती. मग घरी येऊन विचारलं, आपण विकणार काय?

आम्हाला कळण्याची भाकरी आणि भरीत हवं होतं. घड्याळ लावून पाहिलं. एका तव्यावर एक भाकरी तीन मिनिटांत होते. दहा गिऱ्हाइकांना दोन-दोन दिल्या, तर शेवटचा तासभर उभा राहील. कढईत पुऱ्या मिनिटाला चार निघतात; दहा जणांच्या चाळीस पुऱ्या दहा मिनिटांत. म्हणून भाकरी गेली, भरीत-पुरी राहिली. वांगी घरीच भाजून, सोलून, बर्फाच्या पेटीत न्यायची आणि फोडणी गाडीवर द्यायची. भाजलेली वांगी उन्हाळ्यात उघडी राहिली की आंबतात. वास बदलला की ती टाकायचीच. गोडात मावा जिलेबी नाही, कारण मावा उन्हात टिकत नाही. कोरडा दराबा डब्यात छान राहतो.

आता गाडीचं गणित सोपं झालं. साडेसातशे किलो भार पेलणारा छोटा टेम्पो धरला. बॉडी, ओटा नि मांडण्या तीनशे, एकोणीस किलोचे दोन व्यापारी सिलिंडर टाकीसकट सुमारे सत्तर, शंभर लिटर पाणी शंभर, शेगडी-कढई साठ, माल नि बर्फ ऐंशी, सोबतचा एक माणूस सत्तर. एकूण सहाशे ऐंशी. फ्रीज-जनरेटर त्यात बसलेच नसते.

पत्रा कापण्याआधी परिवहन कार्यालयात जा. नोंदणीपुस्तकातल्या गाडीत बदल करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी मंजुरी लागते. मग खाद्यसुरक्षेची नोंदणी. रस्त्यावर विकायचं तर २०१४च्या फेरीवाला कायद्यानुसार महानगरपालिकेचं प्रमाणपत्र लागतं. जागा ठरण्याआधी ते विचारा, कारण फेरीवाल्यांना बंदी असलेल्या भागात ते असूनही उपयोग नाही. एखाद्याच्या खासगी आवारात उभं राहायचं, तर त्याची लेखी संमती घ्या.

जागेसाठी लालबागच्या स्टेशनजवळ आणि इंदूर-इच्छापूर रस्त्यालगत आम्ही चार-चार संध्याकाळी बसून माणसं मोजली. जाणारे नव्हे, थांबणारे. गणपतीचे दहा दिवस मात्र मोजणीत धरले नाहीत. त्या गर्दीवर भाडं ठरवलं, तर अकराव्या दिवशी रडावं लागेल.

गाडी अजून रंगवायची आहे. पण ताट ठरलं, म्हणून पुंजी अर्धी उरली आहे. बसा, दराबा घ्या. कसा झाला ते खरं सांगा.