फ्रीज की पाटी?

किंग्सवे हा ग्लेन वेव्हर्लीचा गजबजलेला रस्ता. स्टेशन इथून जवळ, ‘द ग्लेन’ हा मोठा मॉलही फार लांब नाही आणि दोन्ही बाजूंना खाण्यापिण्याची दुकानं. मेलबर्नच्या या उपनगरात, अशाच एका रस्त्यालगतच्या गल्लीत भाड्याच्या गाळ्यात किराणा दुकान चालवणारा मराठी माणूस डोळ्यांसमोर आणा. हाताशी थोडे पैसे आहेत. त्यातून दोन दारांचा काचेचा फ्रीज घ्यावा, की दुकानावर मोठी, दिव्यांची पाटी लावावी? गुंतवणुकीवरचा परतावा म्हणजे काय, हे याच पेचातून समजून घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत.

आधी फ्रीज. बसवून हातात पडेपर्यंत 5,600 डॉलर. पनीर, दही, श्रीखंड, कढीपत्ता मिळून त्यातून आठवड्याला 300 डॉलरची विक्री होईल, असा त्याचा अंदाज. पण यातली 80 डॉलरची विक्री जुन्या छोट्या फ्रीजमधून आजही होते. ती नव्या फ्रीजच्या खात्यात घातली, तर हिशेब पहिल्याच पायरीवर फसतो. खरी वाढ 220 डॉलरची. त्यावर 30 टक्के मार्जिन धरलं तर 66 डॉलर. त्यातून विजेचे 17 आणि तारीख उलटून फेकाव्या लागणाऱ्या मालाचे 14 वजा जाता आठवड्याला 35, म्हणजे वर्षाला 1,820 डॉलर.

इथे पुष्कळ जण थांबतात, पण घसारा अजून राहिलेला असतो. फ्रीज सात वर्षं चालेल असं धरलं, तर दरवर्षी 800 डॉलरचा घसारा सोसावा लागतो. उरले 1,020. त्यांना 5,600 ने भागलं की परतावा निघतो वर्षाला सुमारे 18 टक्के.

1912 च्या सुमारास डुपाँ या अमेरिकी कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी हाच भागाकार दोन तुकड्यांत मांडला: विक्रीतला किती भाग नफा म्हणून उरतो, आणि गुंतवलेल्या रकमेच्या किती पट विक्री होते. फ्रीजच्या बाबतीत शंभर डॉलरच्या विक्रीमागे जेमतेम नऊ उरतात, पण वर्षाची वाढीव विक्री गुंतवणुकीच्या दुप्पट होते. पनीरवर फार सुटत नसलं तरी ते भराभर खपतं, आणि परतावा येतो तो या खपातून. म्हणून फ्रीजमध्ये काय ठेवायचं, हे फ्रीजच्या किमतीइतकंच महत्त्वाचं.

पाटीचा खर्च 4,200 डॉलर. त्यात दिवे, बसवणावळ आणि मोनॅश नगरपालिकेची परवानगी लागली तर तिचाही खर्च आला. पाटी बघून आठवड्याला दहा नवी गिऱ्हाइकं आली आणि प्रत्येकाने 15 डॉलरची खरेदी केली, तर त्याच 30 टक्क्यांनी मार्जिन 45 डॉलर. दिव्यांचे 3 वजा केले की वर्षाला 2,184. सात वर्षांचा घसारा 600. उरलेल्या 1,584 डॉलरचा परतावा जवळजवळ 38 टक्के! फ्रीजच्या दुप्पट.

पण ‘दहा’ हा आकडा आला कुठून? पनीर किती खपलं ते गल्ल्यावरच्या यंत्रात दिसतं. गिऱ्हाईक पाटी बघून आलं की शेजारणीने सांगितलं म्हणून, हे कुठेच उमटत नाही. दहाऐवजी पाचच आली, तर परतावा दहा टक्क्यांवर घसरतो. फ्रीजची बरोबरी गाठायला साधारण सात हवीत. पाटी बघून किती येतील, हे आधी अजमावता येतं. स्वतःच्या काचेवर स्वस्तातला मोठा छापील कागद चार आठवडे लावायचा, नव्या चेहऱ्याला ‘दुकान कसं सापडलं?’ विचारायचं आणि वहीत रेघ ओढायची. हे दिवाळीच्या आठवड्यांत करू नये, तेव्हा गर्दी पाटीविनाही असते.

खरी मेख मात्र भाडेकरारात आहे. करार दोनच वर्षांचा उरला असेल, तर पाटीचं आयुष्यही दोनच वर्षं, कारण गाळा सोडताना ती उतरवून भिंत पूर्ववत करून देण्याची अट अनेक करारांत असते. मग घसारा 600 नव्हे, 2,100. दहा गिऱ्हाइकं येऊनही वर्षाला 84 डॉलर उरतात, परतावा दोन टक्के, आणि त्यात पाटी उतरवायची मजुरी धरलेलीच नाही. फ्रीज मात्र नव्या गाळ्यात नेता येतो किंवा विकता येतो.

फ्रीजच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती टक्क्यांत मावत नाही. ऑस्ट्रेलियात दही-पनीरसारखा माल 5 अंशांवर किंवा त्याखाली ठेवण्याचा नियम आहे. मेलबर्नच्या 40 अंशांच्या दुपारी, दाराची सतत उघडझाप होत असताना जुन्या फ्रीजमधल्या थर्मामीटरचा काटा सातवर गेलेला दिसला, तर प्रश्न परताव्याचा राहत नाही. आजची 80 डॉलरची विक्रीच धोक्यात येते, आणि मग ती हिशेबात धरावी लागते.

तेव्हा या दुकानदाराने पाटीवाल्याला फोन करण्याआधी घरमालकाला गाठावं. करार पाच वर्षांचा झाला, तर घसारा 840 वर येतो आणि दहा गिऱ्हाइकांवर पाटीचा परतावा पुन्हा 32 टक्के होतो.