गुरुवार, २५ एप्रिल : शाळेच्या ग्रुपवरचा एक छोटा मेसेज

आजचा भाग छोटाच आहे. विषय आहे शाळेचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, परीक्षेचं वेळापत्रक, आणि त्यातली एक न कळलेली तारीख. जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, कुठूनही ऐकत असाल, तरी असा ग्रुप तुमच्या फोनमध्ये असणारच.

मी २०२५च्या एप्रिलचं उदाहरण घेतो. त्या वर्षी राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिलमध्ये घ्यायच्या ठरल्या. एवढ्या उशिरा परीक्षा म्हटल्यावर बरीच ओरड झाली. आपल्याकडे खान्देशात एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात काय ऊन असतं ते मी सांगायला नको. पण आजचा मुद्दा उन्हाचा नाही. राज्याच्या चाचणीचे काही पेपर वरून ठरलेले, बाकीचे विषय शाळेने आपापल्या सोयीने मध्ये बसवायचे. म्हणजे प्रत्येक शाळेचं वेळापत्रक वेगळं. शेजारच्या शाळेतल्या पोराला विचारून काही उपयोग नाही.

आमची मुलगी तेव्हा सातवीत, जळगावला. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर वेळापत्रकाचा फोटो आला. पाच मिनिटांत तीस-पस्तीस अंगठे, हात जोडलेले, 'ओके मॅडम', 'धन्यवाद मॅडम'. मी फोटो मोठा करून एकेक ओळ कॅलेंडरशी लावून बघितली. मला ती सवय आहे, आमच्या घरात तिची थट्टाही होते.

१० तारीख रिकामी, त्या दिवशी महावीर जयंती. १४ रिकामी, आंबेडकर जयंती. १८ रिकामी, गुड फ्रायडे. म्हणजे ज्यांनी तक्ता केला त्यांनी सुट्ट्या नीट बघितल्या होत्या. सगळे वार बरोबर. बुधवार २३ ला इतिहास, बरोबर. आणि शेवटची ओळ : 'भूगोल, गुरुवार, २५ एप्रिल'.

आता २०२५ साली २४ एप्रिलला गुरुवार होता आणि २५ ला शुक्रवार. मग पेपर कधी? वार खरा धरला तर २४ ला. तारीख खरी धरली तर २५ ला. सुट्टीचा दिवस असता तर काही अंदाज लागला असता, पण दोन्ही दिवस शाळेचे. आणि दोन्ही बाजूंनी बोलता येतं. २३ ला इतिहास झाला की लगेच २४ ला भूगोल, हे सरळ दिसतं. पण परीक्षा २५ पर्यंत घ्यायच्या होत्या, म्हणून शेवटच्या दिवशी शेवटचा पेपर, हेही तितकंच सरळ.

अशी चूक होते कशी, तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या डोळ्याला ती लवकर दिसेल. वेळापत्रक कोणी कोऱ्या कागदावर करत नाही. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या. साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे बावन्न आठवडे आणि एक दिवस. त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. २०२४ साली २५ एप्रिलला गुरुवारच होता. म्हणजे ही ओळ मागच्या वर्षीची जशीच्या तशी राहिली असावी. तसं असेल तर मात्र पंचाईत मोठी आहे, कारण मग वारही जुना आणि तारीखही जुनी. पेपर २४ ला किंवा २५ ला असेलच, असंही म्हणता येत नाही. तारीख आणि वार यांच्यात एकाचा फरक दिसला की आधी जुन्या फाइलचा संशय घ्या.

आता आमची अडचण. २५ ला संध्याकाळी धुळ्याला घरातलं लग्न, २४ ला हळद. भूगोल २४ ला असेल तर सकाळी पेपर देऊन सगळ्यांनी एसटीत बसायचं, एरंडोल-पारोळ्यावरून अडीच-तीन तासांत धुळे, हळदीला हजर. २५ ला असेल तर कोणाला तरी मुलीजवळ मागे राहावं लागणार. लग्नसराईत तिकिटं आधी काढावी लागतात. धुळ्याहून आमच्या आप्पांचा फोन, "भाऊ, पंचवीसले पेपर शे का नही?" आप्पांना 'बघतो' चालत नाही.

तोपर्यंत ग्रुपवर चर्चा सुरू झाली होती. एक ताई म्हणाल्या २४ च असणार. एक भाऊ म्हणाले तारीख बघायची असते, वार कोण बघतं. तिसऱ्यांनी दुसऱ्या तुकडीचा तक्ता टाकला, त्यात भूगोल वेगळ्याच दिवशी. चौथ्यांनी लिहिलं, 'नक्की काय ते सांगा'. कोणाला विचारलं, कशाबद्दल, काही पत्ता नाही. वर्गशिक्षिका मॅडम दिवसभर शाळेत, संध्याकाळी त्यांना शंभरेक मेसेज दिसणार. आणि त्यातला एकही असा नाही की ज्याला सरळ उत्तर देता येईल.

मी मॅडमांनी टाकलेला मूळ फोटो दाबून धरला, त्यालाच 'रिप्लाय' केला, आणि हे लिहिलं :

'नमस्कार मॅडम. ७वी ब, हजेरी क्र. ३१. वेळापत्रक मिळाले : ८ एप्रिलपासून, रोज सकाळी ८ वाजता, २३ तारखेच्या इतिहासापर्यंत सर्व स्पष्ट आहे. फक्त शेवटची ओळ : भूगोलासमोर "गुरुवार, २५ एप्रिल" आहे. २५ ला शुक्रवार येतो. भूगोलाचा पेपर नक्की कोणत्या तारखेला? उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे ही विनंती.'

एवढंच. यात लग्न नाही, हळद नाही, आप्पा नाहीत. आमच्या सौ.चं म्हणणं होतं की कारण लिहा, म्हणजे मॅडमांना घाई कळेल. मला ते पटलं नाही. लग्नाचं कारण लिहिलं की प्रश्न सुट्टीचा वाटतो. मग पाचजण 'लग्नाला शुभेच्छा' लिहिणार आणि तारीख राहूनच जाणार. मुदत दिली की घाई आपोआप कळते.

त्यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबतो. पहिली, 'मिळाले' एवढंच न लिहिता पहिला दिवस आणि वेळ परत का लिहिली? कारण अशा ग्रुपवर एकाच वेळापत्रकाचे दोन-दोन फोटो फिरत असतात, एक आधीचा, एक सुधारलेला, आणि एखादा भलत्याच तुकडीचा. 'ओके' म्हणणाऱ्याने कोणता बघितला हे शिक्षकांना कळायला मार्ग नाही. मी ८ तारीख आणि ८ वाजता असं लिहिलं, आणि समजा त्यांनी वेळ बदलून साडेसात केली असती, तर माझं वाचताक्षणी त्यांच्या लक्षात आलं असतं की हा जुन्या फोटोवर आहे. आणि '२३ पर्यंत स्पष्ट आहे' म्हटल्यामुळे त्यांना अख्खा तक्ता परत तपासायला नको, एकच ओळ बघायची.

दुसरी गोष्ट, 'पेपर २४ ला समजायचा का?' असं मी विचारलं नाही. ते सोपं वाटतं, हो-नाहीत उत्तर येतं. पण शिक्षक जिन्यात चालता चालता फोन बघतात. आपण २४ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यातही २४ बसतं, आणि 'हो' टाइप करायला एक सेकंद लागतो. उत्तरात तारीख लिहायची असेल तर माणूस फाइल उघडतो. म्हणून प्रश्न 'कोणत्या तारखेला' असा. आणि जुन्या ओळीचा संशय असताना तर दोन पर्यायही देऊ नयेत. तिसरीच तारीख निघू शकते.

मॅडमांचं उत्तर रात्री आलं. 'शुक्रवार, २५ एप्रिल. वार चुकलाय. २४ ला मुलांची तोंडी परीक्षा आहे, ती तक्त्यात नाही.' बघा, तोंडी परीक्षेबद्दल ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. २४ चा अंदाज करून बसलेले पालक भूगोल वाचून मुलांना पाठवणार होते, आणि २५ चा अंदाज करणारे कदाचित २४ ला पाठवणारच नव्हते.

मी उत्तरात एवढंच लिहिलं : 'धन्यवाद मॅडम. २४ तोंडी, २५ शुक्रवार भूगोल, नोंद केली. जमल्यास सुधारित फोटो टाकावा.' ही शेवटची विनंती आगाऊपणाची वाटू शकते, पण ती करावी. फोटोखाली लिहिलेली दुरुस्ती फोटोबरोबर जात नाही. कोणीतरी तो फोटो ट्यूशनच्या ग्रुपवर टाकतो, आजीच्या फोनवर पाठवतो, आणि तिथे 'गुरुवार, २५' तसाच राहतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांतच बदलता येतो, आणि फोटोतली अक्षरं तर बदलताच येत नाहीत. म्हणून नवा फोटो, त्यावर 'सुधारित' आणि त्या दिवसाची तारीख. जुना ॲडमिनने काढून टाकायचा आणि नवा वर पिन करायचा. पिन चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस राहतो. परीक्षेसाठी तीस दिवसच निवडा, नाहीतर शेवटच्या पेपरच्या आधीच तो खाली जातो.

बऱ्याच शाळांचे ग्रुप 'फक्त ॲडमिन लिहू शकतो' असे असतात. तिथे हाच मेसेज, त्या फोटोसकट, वर्गशिक्षकांना वैयक्तिक पाठवा. फक्त शेवटी एक वाक्य जोडा : 'उत्तर ग्रुपवर टाकले तर सर्वांना कळेल.' नाहीतर तोच प्रश्न त्यांना चाळीस जण वेगवेगळे विचारतात. आणि कृपा करून रात्री साडेअकराला नको.

दहावी-बारावीचं मात्र वेगळं. तिथे वेळापत्रक शाळेचं नसतं, राज्य मंडळाचं असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक हे जिल्हे नाशिक विभागीय मंडळाकडे येतात. मंडळ दरवर्षी सांगतं की परीक्षेआधी शाळेला छापील वेळापत्रक दिलं जातं, तेच अंतिम धरायचं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका. म्हणून तिथे ग्रुपवर 'नक्की कोणती तारीख' असं विचारण्यापेक्षा 'शाळेत आलेल्या छापील वेळापत्रकात या विषयासमोर काय आहे' असं विचारायचं, आणि जमलं तर शाळेत जाऊन ते स्वतः बघायचं. तारखेबरोबर सत्रही बघा. सकाळचं की दुपारचं, इथेही गोंधळ होतो.

आमचं पुढे काय झालं, तर बाकीचे सगळे २४ ला धुळ्याला गेले, मी आणि मुलगी मागे राहिलो. २५ ला पेपर सुटल्यावर थेट स्टँडवर, दुपारी दोनच्या आत धुळ्यात. हळद चुकली म्हणून ती थोडी फुगली होती. भूगोलात गुण बरे पडले.