खप थांबला, तर आधी काय बदलावे?
(मंडळाच्या गृहोद्योग विभागात दिलेले भाषण)



माल पूर्वीइतकाच जातो आहे, म्हणजे सारे ठीक आहे, असे आपण धरून चालतो. पण वही जरा निराळ्या तऱ्हेने वाचावयास हवी. भाजणीचे एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत.

अर्ध्या किलोची पुडी १२० रुपयांस, खर्च ९० रुपये. तीन महिने दरमहा ८० पुड्या गेल्याची नोंद आहे. त्यांतल्या ५० ठरलेल्या घरी जातात. उरलेल्या ३० दुकानात ठेवावयास दिलेल्या; महिनाअखेर पाहावे तो १२ फळीवरच! म्हणजे खरा खप ६८ चा. शिवाय पडून राहिलेली भाजणी खवट होते ते वेगळेच.

अशा वेळी पहिली सूचना ठरलेली असते, "भाव उतरवा." पुडी १०८ रुपयांस दिली, तर नफा तिसावरून अठरावर येतो. आज ६८ पुड्यांवर २,०४० रुपये सुटतात. तेवढेच सुटावयास ११४ पुड्या खपल्या पाहिजेत. एवढी नवी गिऱ्हाइके कुठून आणायची?

आता कोण परत येते ते पाहा. जुनी घरे नेमाने मागतात. तेव्हा माल बिघडलेला नाही आणि भावही त्यांना जड नाही. जड झाला असता तर त्यांनी पाव किलो मागितली असती, किंवा महिन्याऐवजी दीड महिन्याने मागितली असती. दुकानातले गिऱ्हाईक मात्र एकदा नेते आणि पुन्हा विचारीत नाही. त्याने १२० रुपये मोजलेच होते, मग अडले कुठे? हे दुकानदाराला नव्हे, त्या बाईंनाच विचारावे. उत्तर मिळते, "चकल्या केल्या, तर तेलात विरघळल्या हो!"

पुडीवर नुसते 'भाजणी' लिहिलेले. आत होती थालिपिठाची, जरा जाडसर, ज्वारी-बाजरी-धणे घातलेली. चकलीला तांदूळ अधिक आणि दळण बारीक लागते. जुन्या घरांना हे ठाऊक. नव्यांना कोण सांगणार? (आपल्या सासूबाई काही पुडीबरोबर जात नाहीत.)

तेव्हा येथे बदलावयाचा तो माल, भाव नव्हे. पुडीवर 'थालिपिठाची' असे ठळक लिहावे आणि चकलीची निराळी पाच किलो करून दहा पुड्या त्याच दुकानात ठेवाव्या. त्या काळात भावाला हात लावू नये. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दिवाळीच्या तोंडावर चकलीची भाजणी खपणारच, ती कसोटी धरू नये. दिवाळीनंतर दोन महिन्यांत त्याच बाईंनी दुसरी पुडी मागितली, तर पुढचे दळण वाढवावे. थालिपिठाची ठळक नावानिशीही दुकानात पडूनच राहिली, तर मात्र गिऱ्हाईक बदलावे आणि ती पुडी नोकरीवाल्या बायकांच्या वसतिगृहात नेऊन पाहावी.